‘मिळो’ आणि ‘मिळेल’

सप्ताहात प्रवचनाची वेळ दुपारी चार ते पाच. करमाळा तालुक्यातल्या गावांत गेली बरीच वर्षं मी या वेळेला बसतो. समोर बहुतेक बाया, म्हातारी माणसं आणि शाळेतून सुटलेली पोरं असायची. कामाच्या वयातला पुरुष चारला मांडवात दिसायचा नाही. अलीकडे तो दिसायला लागला आहे. मांडवाच्या कडेला, खांबाला टेकून, मोबाईल हातात धरून तिशीतली पोरं बसलेली असतात. चाकण, रांजणगावच्या कंपन्यांत ठेक्यावर होती, ठेका संपला म्हणून गावी आली. त्यांच्यामागे पन्नाशीतला एखादा माणूस असतो, त्याचा कित्येक महिन्यांचा पगार थकलेला असतो. सप्ताहातल्या प्रवचनाचे श्रोते असे बदलले, तर प्रवचनही बदलायला हवं. हा लेख त्यासाठी आहे: नव्यानं प्रवचनाला बसणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि सप्ताह ठरवणाऱ्या गावकऱ्यांसाठीही.

माझी एक चूक आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं आहे.

करमाळ्याकडच्या एका गावात मी दामाजीपंतांची कथा लावली होती. मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यातलं, कथा घरची, रंगायला सोपी. दुष्काळ पडला, दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांना उघडून दिली, बिदरला चुगली गेली, शिपाई धरायला आले. तोवर विठोबा विठू महाराच्या रूपात बिदरच्या दरबारात पोचला, मोहरांची थैली ओतली, पावती घेतली. मी पावतीपाशी आवाज चढवला, मृदंग वाजला, टाळ्या पडल्या. शेवटी म्हणालो, ‘धीर धरा, आपलाही विठू निघालाय.’

प्रवचन संपल्यावर एक माणूस माझ्याजवळ आला. पाया पडला आणि अगदी सरळपणे त्यानं विचारलं, ‘महाराज, आमच्याकडं कधी यायचा ओ तो? अकरा महिने पगार थकलाय.’ थट्टा नव्हती त्यात. त्यानं माझं बोलणं खरं धरलं होतं. मी काहीतरी बोललो, ‘त्याची वेळ त्याला ठाऊक,’ असलं काहीतरी. त्या माणसाच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की मी पांडुरंगाच्या नावानं एक हुंडी लिहून दिली होती आणि ती वटवणं माझ्या हातात नव्हतं.

त्यानंतर मी पुन्हा पोथी काढली. महिपतीबुवा ताहराबादकरांनी 1762 साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला, त्यात ही कथा आहे. ती मी लहानपणापासून ऐकत होतो, पण आता वाचताना एक साधी गोष्ट पहिल्यांदा नजरेत भरली. मोहरा गेल्या कुठे? बादशहाच्या तिजोरीत. दामाजीपंतांच्या घरात एक मोहर आली नाही. आणि पुढे? आपल्यासाठी देवाला असं राबावं लागलं हे कळल्यावर पंतांनी बादशहाची चाकरीच सोडली. म्हणजे ही कथा माणसाला नोकरी परत मिळाल्याची नाहीच. भुकेल्यांच्या पोटात धान्य गेलं आणि ते घालणाऱ्याचा जीव वाचला, एवढीच ती आहे. श्रीमंतीचा शेवट मी लावला होता, पोथीनं नाही.

आता दुसरी गोष्ट, तीही त्याच मंगळवेढ्याची. गावकुसाच्या भिंतीचं काम चाललं होतं. त्या कामावर चोखोबांना नेलं होतं. भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबा गेले. साल 1338. विठोबा ज्यांच्या घरी राबला असं आपण गातो, त्या चोखोबांसाठी त्या दिवशी कुणी भिंत धरली नाही. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी शोधल्या, पंढरपुरी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. आजही नामदेव पायरीसमोर ती आहे. पंढरीला गेलेल्या प्रत्येकानं ती पाहिलेली असते.

एकाच गावात दोन कथा. एकीत देव थैली घेऊन येतो, दुसरीत भिंत पडते. आम्ही प्रवचनकार पहिली सांगतो आणि दुसरी पुण्यतिथीपुरती ठेवतो. माझं म्हणणं असं आहे, की काम गेलेल्या माणसांसमोर या दोन्ही कथा एकाच तासात सांगाव्यात, आणि दोन्हींत माणसांनी काय केलं तिथे थांबावं. दामाजींनी कोठार उघडलं. नामदेव ढिगाऱ्यापाशी गेले. देव काय करील ते सांगायचा अधिकार आपल्याला नाही. संतांनी काय केलं हे मात्र ठामपणे सांगता येतं, आणि ते आपल्यालाही करता येतं.

चोखोबांची कथा सांगताना एक जपायचं. भिंत पडली ती ‘प्रारब्धानं’ असं म्हणू नये. जातीमुळे ज्यांच्यावर ती कामं लादली जात होती, ती माणसं तिथे होती म्हणून ती गेली. खांबाला टेकलेल्या पोराचा ठेका संपला, तोही त्याच्या पूर्वजन्मीच्या पापानं संपलेला नाही. प्रारब्ध हा शब्द माणसानं स्वतःच्या दुःखाबद्दल स्वतः वापरला तर त्याला आधार होतो. व्यासपीठावरून दुसऱ्याबद्दल वापरला तर तो आरोप होतो.

प्रवचनाला ओवी लागते. ती कोणती घ्यावी? ज्ञानेश्वरीतली पसायदानातली, आणि तीही सर्वांना पाठ असलेली, ज्याला जे हवं ते त्याला मिळण्याविषयीची. मुद्दाम तीच, कारण तिचाच सगळ्यात जास्त गैरवापर होतो. ‘माउलींनी सांगून ठेवलंय, जे मागाल ते मिळेल,’ असं मी अनेक मांडवांत ऐकलं आहे. आता त्या ओवीतलं क्रियापद बघा: ‘लाहो’. लाहो म्हणजे मिळो. मिळेल नव्हे. 1290 साली नेवाशाला ग्रंथ पुरा करून माउली विश्वात्मक देवापुढे हात जोडून उभे आहेत आणि मागताहेत. ते हमी देत नाहीत, दान मागतात. पसायदान या शब्दातच मागणं आहे.

आणि ही मागणी कुठल्या क्रमानं येते तेही लोकांना दाखवावं. आधी दुष्टांचं वाकडेपण जावो, मग त्यांना चांगल्या कामाची गोडी लागो, मग जिवाजिवांत मैत्री होवो. मग अंधार जाण्याची गोष्ट, मग आपापल्या धर्माचा सूर्य उगवण्याची, आणि त्यानंतर ज्याला जे हवं ते मिळण्याची. म्हणजे मैत्र आधी, मिळणं नंतर. हा क्रम मी समोरच्यांना बोटांवर मोजून दाखवतो. बाया माझ्याबरोबर मोजतात. सगळ्यांना पाठ आहे, पण असं मोजलेलं कुणी नसतं. तासातली दहा मिनिटं इथे जातात आणि ती वाया जात नाहीत.

पण ओवीवर यायच्या आधीची पहिली दहा मिनिटं गावाची असतात. त्यांची तयारी पोथीत होत नाही. प्रवचन चारला असेल तर मी सकाळीच गावात पोचतो, किराणा दुकानात आणि गिरणीत थोडा वेळ बसतो. ‘महागाई वाढली’ हे वाक्य प्रवचनात उपयोगाचं नाही, ते सगळ्यांनीच म्हटलेलं असतं. दुकानात बसल्यावर दिसतं की पंधरा किलोचा तेलाचा डबा नेणारं घर आता एक लिटरची पिशवी नेतं. पिशवी नेणारं घर पाव लिटर सुटं तेल मागतं. सुटं तेल आणायला बाई येत नाही, लहान मुलाला पाठवते. मूल बाटली काउंटरवर ठेवतं आणि पैसे मोजताना दुकानदाराकडे बघत नाही. ही बाटली मी प्रवचनात सांगितली की मांडवातल्या बाया माना खाली घालतात, आणि मग लगेच वर करून ऐकायला लागतात. आपलं कुणालातरी दिसलं, एवढ्यानंच कान उघडतात.

इथे करमाळ्याच्या माणसानं एक विसरू नये. आपल्या मांडवात महागाईला दोन बाजू असतात. उजनीच्या पाण्याकडची गावं ऊस आणि केळीची, पूर्वेकडची ज्वारी, तूर, उडदाची. कांदा महागला म्हणून शहरातला माणूस रडतो, पण समोर बसलेल्या एखाद्याची वर्षाची आशा त्याच भावात असते. म्हणून ‘कांदा महाग, डाळ महाग’ असा सरसकट शाप व्यासपीठावरून देऊ नये. अर्धा मांडव तुमच्यापासून तुटतो. शेतकऱ्याला भाव मिळावा आणि मजुराच्या ताटात डाळ पडावी, या दोन्ही मागण्या एकाच ‘लाहो’मध्ये बसतात. त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत हे कबूल करून बोलावं. केळीवालाही खत-औषधाच्या बिलाखाली असतो, हे त्याच्या शेजाऱ्याला कळलं तरी गावातली धग थोडी कमी होते.

आता त्या तासाचा मधला भाग. तिथे मी तुकोबांना आणतो, आणि संत म्हणून आणण्याआधी दुकानदार म्हणून आणतो.

देहूचं ते घर महाजनकीचं होतं, सावकारी आणि व्यापार असलेलं. आईवडील गेले, थोरला भाऊ विरक्त होऊन निघून गेला आणि कोवळ्या वयात सगळा भार तुकोबांवर पडला. 1630 चा दुष्काळ आला. धंदा बसला, दिवाळं निघालं. पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. यातलं बरंचसं दुसऱ्या कुणी रचलेलं नाही, स्वतः तुकोबांनी आत्मकथनाच्या अभंगात सांगितलं आहे, आणि त्यात एक शब्द असा आहे की तो वाचताना मी दरवेळी थांबतो: लज्जा. दुःख झालं एवढंच ते म्हणत नाहीत. लाज वाटली म्हणतात. नोकरी गेलेल्या माणसाची मुख्य वेदना हीच असते. पैसे संपायला काही महिने लागतात, लाज पहिल्याच दिवशी सुरू होते. सकाळी डबा घेऊन निघणारा माणूस घरी बसला की त्याला स्वतःच्या उंबऱ्यावर बसायचीही चोरी होते.

मी इथे असं बोलतो:

‘मायबाप हो, तुकोबा दुकान चालवत होते आणि ते बुडालं. आळसानं बुडालं नाही, दुष्काळानं बुडालं. गावात तोंड दाखवायची चोरी झाली. ज्यांची गाथा आपण डोक्यावर घेतो, त्यांच्या घरातसुद्धा एकदा काही उरलं नव्हतं. तेव्हा ज्या घरात आज काही उरलेलं नाही, त्या घराकडं बोट दाखवू नका. आणि ज्याच्या घरात उरलेलं नाही, त्यानं खाली बघू नये. तुकोबा त्याच वाटेनं आलेत.’

एवढंच. ‘आणि मग तुकोबा जगद्गुरू झाले, तुम्हीही व्हाल’ असं पुढे जोडू नये. तुकोबांचं दुकान परत उभं राहिलं नाही. हे लपवलं तर श्रोत्याला फसवल्यासारखं होतं.

पुढची गोष्ट कर्जखतांची. घराण्याच्या सावकारीचे कागद होते, लोकांकडून यायच्या पैशांचे. तुकोबांनी ते इंद्रायणीत बुडवायला काढले, तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुमचं ठीक आहे, माझ्या लेकराबाळांचं काय? तुकोबांनी भावाला उपदेश केला नाही. कागदांचे दोन वाटे केले, अर्धे कान्होबाच्या हाती दिले आणि फक्त आपल्या वाट्याचे बुडवले.

सांगताना हा वाटा मी कधीच घाईनं ओलांडत नाही. बहुतेक जण ‘तुकोबांनी कर्जखतं बुडवली’ म्हणून पुढे जातात, आणि मग मांडवातल्या दुकानदाराकडे सगळ्यांच्या नजरा वळतात. त्या दुकानदारानंही करमाळ्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल उधारच उचललेला असतो. त्याला सगळ्यांसमोर उधारी माफ करायला लावणं हे तुकोबांनी केलेलं नाही. त्यांनी दुसऱ्याच्या वाट्याला हात लावला नाही. म्हणून प्रवचनातून कुणालाही दान करायला भाग पाडू नये. ‘तुमच्या वाट्याचा कागद कोणता, तो तुम्हीच घरी जाऊन बघा,’ इतकं म्हणून थांबावं.

एका गावात मी असंच म्हणून थांबलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी किराणा दुकानदार काकड्याला आला होता. आरती झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘उधारी सोडणं मला झेपायचं नाही, महाराज. पण ज्यांचं काम गेलंय त्यांच्याकडं पोळ्यापर्यंत मागायला जाणार नाही. आणि वही गिऱ्हाइकासमोर काढणार नाही.’ मला वाटतं त्यानं त्याचा वाटा अचूक ओळखला. वही समोर न काढणं, यात त्याचा एक रुपयाही गेला नाही, पण बाटली घेऊन येणारं मूल त्यामुळे मान वर करून उभं राहू शकलं. दुसऱ्या एका घरानं बागेतली पडीची केळी सप्ताहभर शाळेत पाठवली. एकानं आपल्या ट्रॅक्टरवर गावातल्याच पोराला लावलं, बाहेरून माणूस आणायचा बंद केला. मोठी कामं नव्हेत ही. पण वचन दिलं आणि पुरं झालं, अशी होती.

हाच माझा कस आहे, प्रवचन लिहिताना. प्रत्येक आशेच्या वाक्याला मी विचारतो: हे पुरं करणारा माणूस या मांडवात बसला आहे का? ‘दिवस पालटतील’ हे पुरं करणारा कुणी मांडवात नाही, म्हणून ते वाक्य काढून टाकायचं. ‘या गावात काम गेलं म्हणून कुणाच्या पोराची शाळा सुटणार नाही’ हे पुरं करणारे मांडवात आहेत, पण आधी त्यांच्याशी बोललेलं असेल तरच म्हणायचं. शिक्षक, सरपंच, दोन-चार बरी घरं यांच्याशी सकाळी बोलणं झालं नसेल तर तेही गिळायचं. कमी बोलल्यानं प्रवचन फिकं होईल ही भीती मला सुरुवातीला होती. तसं होत नाही. लोक टाळ्या कमी वाजवतात आणि जास्त वेळ थांबतात.

काही वाक्यं मात्र कुठल्याही परिस्थितीत टाळावीत. ‘पैशात काय आहे, समाधानात सुख आहे’ हे ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला सांगावं, आणि तेही त्याच्या घरी जाऊन. सचोटीच्या धंद्यानं धन जोडावं असं सांगणारे तुकोबाच आहेत, पैशाला तुच्छ मानण्याची सोय त्यांनी आपल्याला ठेवलेली नाही. थकलेला पगार मागणं हा हक्क आहे, तो मागणाऱ्याला ‘सोडून द्या, पांडुरंग बघेल’ म्हणू नये. उलट, कामाचे कागद, हजेरीचं कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचं पासबुक हे सगळं एका पिशवीत घालून नीट ठेवा, असं मी व्यासपीठावरूनच सांगतो. दामाजींच्या कथेत विठोबानंसुद्धा पावती घेतली होती, हे इथे आठवण करून दिलं की लोकांच्या पक्कं लक्षात राहतं.

आणखी एक धोका, तो प्रवचन संपल्यावर येतो. दोन-तीन जण हळूच येतात आणि ‘उपाय’ विचारतात. कुठलं व्रत, कुठला खडा, कुठली पूजा. हे प्रश्न आले की समजावं, आपण कुठेतरी ‘मिळेल’ म्हणून गेलो. उपाय देऊ नये आणि हसूही नये. ज्यांच्या हातात कंपनीतून सुटताना फंडाचे पैसे एकरकमी आलेले असतात, त्यांच्याकडे उपाय विकणारे आणि पैसे दुप्पट करून देणारे एकाच आठवड्यात पोचतात. ‘पहिले सहा महिने त्या पैशाला कुठल्याही नव्या योजनेत हात लावू नका, घरात बाईला विचारल्याशिवाय सही करू नका,’ हे मी उघड सांगतो. एकदा एका पोराच्या बायकोनं याबद्दल माझे आभार मानले होते, नवऱ्यासमोरच.

आणि कुणी फारच गप्प झालं असेल, ‘माझ्यामागं यांचं कसं होईल’ अशी भाषा येत असेल, तर प्रवचन बाजूला ठेवावं. त्याला एकटं सोडू नये. थेट विचारावं, ‘जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?’ विचारल्यानं ते मनात येत नाही, असलेलं बाहेर येतं. घरच्यांना सोबत बसवावं, औषध-फवारणीच्या बाटल्या घरातून हलवाव्यात, डॉक्टरकडे न्यावं. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. तो मी पोथीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

आता थोडं सप्ताह ठरवणाऱ्यांसाठी, कारण प्रवचन कितीही चांगलं झालं तरी लाऊडस्पीकरवरची यादी ते पुसून टाकू शकते. वर्गणीची नावं आणि आकडे वाचायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे. मागच्या वर्षी ज्यानं पाच हजार लिहिले होते, त्याच्याकडे या वर्षी पाचशे नाहीत, म्हणून तो मांडवाकडे फिरकतच नाही. कीर्तनाला न येणारा माणूस नास्तिक झालेला नसतो, कित्येकदा तो फक्त यादी चुकवत असतो. एका गावानं माझ्या विनंतीवरून आकडे वाचायचं थांबवलं, नावंही वाचली नाहीत. हिशेब शेवटच्या दिवशी देवळाच्या भिंतीवर लावला, त्यात एकूण जमा आणि एकूण खर्च एवढंच. पैसे थोडे कमी जमले, हे खरं आहे. त्यांनी पंगतीतला गोड पदार्थ रोजच्याऐवजी काल्याच्या दिवशीच ठेवला.

पंगतीचंही जुनं शहाणपण आपल्याजवळ आहेच. घरटी भाकरी आणायची आणि आमटी तेवढी देवळापाशी कढईत शिजवायची. आचारी लावून सात दिवस बुंदी-पुरी करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं, आणि त्यातली खरी गोष्ट स्वस्ताईची नाहीच. टोपलीत भाकरी पडली की ती कुणाच्या घरची ते कळत नाही. ज्या घरानं दहा दिल्या आणि ज्या घरानं दोन दिल्या, त्यांच्या भाकरी एकाच टोपलीतून वाढल्या जातात. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली माणसं अजून आपल्या गावांत आहेत. त्यांना विचारा, पोटापेक्षा ओळीत उभं राहण्याचं त्यांना काय वाटलं होतं. पंगतीला पत्रावळीपुढे सगळे एका मापात बसतात, तिथे ओळीत उभं राहावं लागत नाही.

काम गेलेल्या माणसाला सप्ताहात काम द्यावं, पण ते ‘त्याचं काम गेलंय म्हणून’ असं दिसू नये. पाण्याचा टँकर, मांडवाची राखण, वाढपी, विणा घेऊन पहाऱ्याला उभं राहणं ही सगळी कामं वाटायची असतातच. विणेकऱ्याचा पहारा तर उत्तम. दोन तास विणा खाली ठेवता येत नाही. बसता येत नाही. पुढचा माणूस येईपर्यंत तुमच्यावाचून सप्ताह थांबतो. कंपनीनं ज्याला ‘उद्यापासून येऊ नका’ सांगितलं, त्याला ‘तू गेलास तर हे थांबेल’ असं सांगणारी दुसरी जागा गावात नाही.

तुकोबांच्या त्याच आत्मकथनात आणखी एक बारीक गोष्ट आहे. दिवाळं निघाल्यानंतर त्यांनी आधी काय केलं? पडलेलं देऊळ दुरुस्त केलं. संतांची वचनं पाठ केली. आणि जे पुढे उभं राहून गात होते, त्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. म्हणजे तेही टाळकऱ्यांच्या ओळीत मागे उभे राहिले. तासाच्या शेवटी मी हे सांगतो आणि मग काही बोलत नाही. हरिपाठाला उभं राहायची वेळ झालेली असते, टाळांची पेटी उघडतात. मी खांबाकडे बघतो. मागच्या वर्षी त्या अकरा महिने पगार थकलेल्या माणसाच्या गावात पुन्हा गेलो होतो. पगार अजून आलेला नव्हता, अर्धा आला होता म्हणा. तो माझ्याकडे बघून हसला, पेटीतून टाळांची एक जोडी उचलली, दोरी बोटाला गुंडाळली आणि डावीकडच्या ओळीत तिसऱ्या जागेवर जाऊन उभा राहिला.